अडतीसातून दहा

गेल्या जानेवारीत माझी भाची बुटांच्या जुन्या खोक्यात अडतीस फोटो घालून घरी आली. सगळे चार बाय सहा इंचांचे, कोपऱ्यावरच्या लॅबमधून काढून आणलेले. एका छायाचित्रण कार्यशाळेसाठी तिला स्वतःच्या कामाचं छोटं पान पाठवायचं होतं. अट एकच, चित्रं दहा, एकही जास्त नाही. विषय तिने आधीच निवडला होता, करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. तीन फेऱ्यांत मिळून तिने तिथे ४१२ फोटो काढले होते. त्यातले ३७४ तिने दोन संध्याकाळींत बाजूला केले आणि मग आठवडाभर ती तिथेच अडकून बसली.

"मामा, तू काढ ना यातले दहा. मला सगळेच बरे वाटतायत."

मी वीसेक वर्षं मासिकासाठी चित्रं निवडली आहेत, त्यामुळे हे वाक्य मला नवं नाही. आणि ते खोटंही नसतं. ४१२ चे ३८ करणं सोपं, कारण तिथे हललेला, काळा पडलेला, डोळे मिटलेला फोटो स्वतःच दार दाखवतो. पुढच्या अडतीसांत वाईट असं काही उरतच नाही. तिथून पुढे चांगलं-वाईट हा निकष चालत नाही, दुसरा शोधावा लागतो.

फिल्मच्या काळात हा दुसरा निकष आपोआप हाताशी यायचा. ३६ चित्रांचा रोल धुतला की निगेटिव्हच्या पट्ट्या एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून थेट त्याच मापाचा छाप काढायचा. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. डोळ्याला भिंग लावून ती बघायची आणि लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. चित्रं टपाल तिकिटापेक्षा थोडीच मोठी, पण छत्तीसच्या छत्तीस एकाच नजरेत. आपण एकाच जागी उभे राहून सलग नऊ वेळा बटण दाबलंय, हे लपवायला जागाच नसायची. आता आपण फोटो बघतो ते बोटाने सरकवत, एकामागून एक. पडद्यावर एका वेळी एकच चित्र असतं आणि एकटं असलेलं चित्र नेहमीच थोडं जास्त चांगलं दिसतं. पुढचं आलं की मागचं विसरलेलं असतं. एकसारखी चित्रं अडतीसात घुसतात ती याच दाराने. लाइटरूम वापरणाऱ्यांना निवडलेली चित्रं एकत्र बघायला N ही कळ आहे. पण माझा भरवसा अजूनही कागदावर आणि फरशीवर आहे.

रॉबर्ट फ्रँकच्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकाची हकिकत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. १९५५ आणि ५६ मध्ये अमेरिकाभर फिरून त्याने सुमारे २७,००० चित्रं टिपली. त्यातून हजारेक कामचलाऊ छाप काढले, भिंतीवर टाचले, जमिनीवर पसरले, हलवले, पुन्हा हलवले. पुस्तकात आली ती ८३. आपण फक्त ती ८३ बघतो, म्हणून वाटतं की हा माणूस कॅमेरा उचलायचा तेव्हा दर वेळी हे असंच निघायचं.

तर आम्ही दिवाणखान्यातलं टीपॉय बाजूला सरकवलं आणि अडतीस फोटो फरशीवर मांडले. मी भाचीला म्हटलं, "आधी तू लाव, सारखे सारखे एकत्र." तिने विषयानुसार ढीग केले. गुळव्या एका बाजूला, मळी काढणारा दुसरीकडे, रस ढवळणारा तिसरीकडे, आग, चरक, ढेपा. बारा-तेरा ढीग झाले. बघायला छान वैविध्य दिसत होतं.

मग म्हटलं, "आता पुन्हा लाव. पण फोटोत काय आहे ते विसर. फोटो काढताना तू कुठे उभी होतीस त्यावरून लाव."

याला बराच वेळ लागला, आणि लावता लावता ती गप्प होत गेली. अकरा फोटो एकाच भिंतीला पाठ टेकून काढलेले. सात फोटो काहिलीच्या पलीकडून, उभ्याने, गुळव्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून. सहा फोटो हातांचे, वीतभर अंतरावरून. पाच चुलवाणाच्या तोंडासमोर उकिडवं बसून. म्हणजे एकोणतीस फोटो चार ठिकाणांहून काढलेले आणि उरलेले नऊ इकडचे तिकडचे, त्यांत चरकाचे तीन, ढेपांचे चार, उसाच्या ट्रॅक्टरचा एक आणि रस पिणाऱ्या मुलांचा एक.

एकसारखेपणा म्हणजे एकाच माणसाचे दोन फोटो, असं आपण धरून चालतो. पण एकाच माणसाचे दोन फोटो अगदी वेगळे असू शकतात, आणि तीन वेगळ्या माणसांचे तीन फोटो एकच असू शकतात. चित्र सारखं होतं ते त्यातल्या वस्तूमुळे कमी आणि काढणाऱ्याच्या सवयीमुळे जास्त. प्रत्येकाची एक लाडकी युक्ती असते. कुणी जमिनीला लागून काढतो, कुणी दाराच्या चौकटीतून, कुणाला पाठीमागून येणारा उजेड मोहात पाडतो. पहिल्यांदा ती युक्ती बघणाऱ्याला पकडते, दुसऱ्यांदा ओळखीची वाटते आणि तिसऱ्यांदा त्याला चित्र दिसत नाही, फक्त युक्ती दिसते. दहा चित्रांच्या पानात तिसऱ्यांदा यायला जागाच नाही.

ते अकरा फोटो म्हणजे भाचीची लाडकी युक्ती. गुऱ्हाळाचं दार पूर्वेला. हिवाळ्यात साडेसातच्या सुमाराला ऊन दारातून आडवं आत शिरतं, काहिलीतून वाफ उसळत असते आणि त्या वाफेमुळे उजेडाला जणू अंग येतं. समोरच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की दारातल्या उजेडापुढे माणसं काळ्या आकृत्या होऊन हलतात. दृश्य इतकं देखणं की कुणाचाही हात बटणावरून निघणार नाही. तिचा निघालाच नव्हता.

"पण मामा, प्रत्येकात वेगळं चाललंय. यात मळी काढतायत, यात ढवळतायत, यात भेंडीचं पाणी ओततायत."

तिला ते वेगळं दिसत होतं कारण ती तिथे होती. फोटोत माणूस काळा झाला की चेहरा गेला, कपडे गेले, हातातलं भांडंही कसलं ते कळेनासं झालं. उरला तो फक्त काठ. सावलीच्या चित्रात जे काही सांगायचं ते त्या बाहेरच्या रेषेलाच सांगावं लागतं. म्हणून निवडताना बघायचं ते एवढंच, की हात धडापासून सुटा आहे का, अवजार हातापासून सुटं आहे का, डोकं मागच्या चौकटीत मिसळलंय की उजेडावर मोकळं आहे.

हे बघायला एक जुनी रीत आहे, चित्र उलटं धरायची. आंरी कार्तिए-ब्रेसाँ चित्रं उलटी करून बघत असे. उलटं केलं की 'हा माणूस, हा झारा' ही ओळख सुटते आणि नुसते काळे-पांढरे आकार उरतात. आम्ही अकराही फोटो उलटे केले. सात तिथेच पडले. कुठे दोघांची मिळून एकच गाठोड्यासारखी काळी आकृती झाली होती, कुठे डोकं दाराच्या चौकटीत बुडालं होतं, कुठे काहिलीचा काठ माणसाच्या कमरेतून आरपार गेल्यासारखा दिसत होता. उरलेल्या चारांपैकी एकात लांब दांड्याच्या झाऱ्याची रेषा अंगापासून पूर्ण सुटून दारापर्यंत गेली होती, आणि झाऱ्यावरून ओघळणारी मळीची धारही उजेडावर दिसत होती. अकरातला तो एक राहिला.

हे जेवढं वाचायला सोपं तेवढं करायला नाही. दहा चांगले फोटो उचलून खोक्यात टाकताना तिचा चेहरा मला दिसत होता.

गुळव्याच्या सात फोटोंचं प्रकरण वेगळं. तिथे निवड सोपी वाटते, कारण सातांत एक हमखास 'चांगला आलेला' असतो. तोही होता. गुळव्या फेटा सारखा करून, ताठ उभा राहून थेट कॅमेऱ्यात बघतोय, किंचित हसतोय. सगळ्या घरादाराला आवडला असता असा फोटो. दुसऱ्या एकात तो खाली बघत होता. पाण्याच्या वाटीत पाक टाकून बोटांनी त्याची गोळी होते का ते पाहत होता. गूळ उतरवायची वेळ झाली की नाही हे याच परीक्षेवर ठरतं. गोळी कच्ची राहिली तर गूळ बसत नाही, वेळ टळली तर काहील करपते. या फोटोत चेहरा अर्धाच दिसतो, पण कपाळावरची आठी दिसते आणि बोटं दिसतात.

जागा कमी असली की मी असं बघतो, की कोणतं चित्र एका जागेत दोन कामं करतंय. कॅमेऱ्यात बघणारा फोटो सांगतो, हा माणूस असा दिसतो. गोळीचा फोटो तेही सांगतो आणि हा माणूस काय जाणतो तेही सांगतो. शिवाय हातांचे जे सहा फोटो होते त्यांतल्या तिघांची गरज या एका फोटोने संपवली, कारण पाकाची परीक्षा करणारे तेच हात तिथे वेगळे काढलेले होते. हातांचा एक ठेवला, साच्यातल्या फडक्याच्या घड्या ओढून सारख्या करणारा, ज्यात बोटांच्या पेरांना गूळ चिकटून वाळलेला आहे.

आगीच्या पाचांत मात्र फार विचार करावा लागला नाही. रात्री ज्वाळेचा फोटो काढताना कॅमेरा आजूबाजूच्या काळोखाला भुलतो आणि जास्त उजेड आत घेतो. मग ज्वाळा नारिंगी राहत नाही, मध्यभागी पांढरा कागद कापून चिकटवल्यासारखा डाग पडतो. तिथला रंग टिपलाच गेलेला नसतो, त्यामुळे नंतर उजेड कितीही कमी केला तरी परत येत नाही, डाग फक्त करडा होतो. पाचांपैकी चार असेच होते. पाचव्यात ज्वाळेचा रंग शाबूत होता आणि चिपाडं आत सारणाऱ्या बाईचा गाल त्या उजेडाने तापलेला दिसत होता.

असं करत चरकाचा एक, ढेपांचा एक आणि मुलांचा एक राहिला. उसाचा ट्रॅक्टर गेला. तो कुठल्याही गावच्या रस्त्यावर दिसतो आणि या फोटोत तो या गुऱ्हाळाचा आहे असं सांगणारं काही नव्हतं.

मोजले तर सातच. भाचीला वाटलं मी फार कडक झालो. पण सारखी चित्रं काढून टाकली की दुसरी एक गोष्ट उघडी पडते. काय नाही, ते दिसतं. अडतीस फोटो असताना सगळं काही आहे असं वाटत होतं. सात उरल्यावर कळलं की हे गुऱ्हाळ कुठे आहे हे एकही चित्र सांगत नाही. सगळं आतलं, सगळं जवळचं, सगळं धगधगतं. डोळ्याला टेकायला जागा नाही.

मग खोक्यातल्या फोटोंकडे न जाता आम्ही तिने आधीच बाद केलेल्या ३७४ कडे गेलो. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते चुकतात. पहिल्या चाळणीत आपण एकेका चित्राला 'एकटं उभं राहू शकतं का' असं विचारतो. त्यात शांत चित्रं हमखास मरतात, कारण ती एकटी उभी राहतच नाहीत, त्यांना शेजार लागतो. तासाभरात दोन सापडली. एक पहाटेचं. लांबून दिसणारं गुऱ्हाळाचं छप्पर, सरळ वर जाणारा धूर, पुढे तोडलेल्या उसाचं रिकामं रान. तिने त्याच्यापुढे 'काही घडत नाही' म्हणून फुली मारली होती. दुसरं काहिलीचं. सगळं संपल्यावर, घासून पालथी घातलेली, भोवती पाणी सांडलेलं, माणूस कुणी नाही.

नऊ झाले. दहावा कोणता याबद्दल तिच्या मनात कधीच शंका नव्हती. पहिल्या फेरीत ती पहाटे तीनला जाऊन बसली होती, थंडीने बोटं वाकत नव्हती, आणि पहिलं चिपाड पेटलं तो क्षण तिने टिपला होता. फोटोत मात्र एक काळोख, मध्ये एक लहान ठिणगी आणि एक हाताचा तुकडा एवढंच होतं.

"हा मी काढायचा नाही म्हणजे नाही," ती म्हणाली.

मी तिला गॅरी विनोग्रँडची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून फोटो काढणारा हा माणूस फिल्म लगेच धुवायचा नाही. वर्ष-दोन वर्षं मुद्दाम जाऊ द्यायचा, म्हणजे तो फोटो काढताना आपण किती आनंदात होतो हे विसरायला होतं आणि मग चित्रात खरंच काय आहे ते दिसतं. (ही सवय त्याने टोकालाही नेली. १९८४ साली तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले सापडले.) भाचीकडे वर्षभर नव्हतं, चार दिवस होते. म्हणून आम्ही दुसऱ्याचे डोळे उसने घेतले. शेजारच्या तीन जणांना वेगवेगळं बोलावलं. 'कोणता आवडला' हे विचारायचं नाही, कारण लोक तुमचं तोंड बघून उत्तर देतात. त्यांना म्हटलं, या दहांतले दोन काढून टाका. तिघांनीही ठिणगीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फोटो न दाखवता विचारलं, काल काय काय पाहिलंत? गोळी बघणारा गुळव्या, झारा आणि पालथी काहील तिघांनाही आठवत होते. ठिणगी कुणालाच नाही.

थंडी तिच्या बोटांत होती, चित्रात उतरली नव्हती. ते तिचं तिने मान्य केलं, आणि दहाव्या जागेसाठी एक वेगळाच फोटो स्वतः शोधून आणला. तोच पूर्वेचा दरवाजा, तीच भिंत, तीच चौकट, पण संध्याकाळ. वाफ नाही, माणूस नाही, दाराशी टेकवून ठेवलेला झारा.

म्हणजे पुन्हा तीच जागा! पण या वेळी मी हरकत घेतली नाही. नकळत झालेली पुनरावृत्ती आणि ठरवून केलेली पुनरावृत्ती यांत फरक आहे आणि तो बघणाऱ्याला कळतो. फ्रँकच्या पुस्तकात अमेरिकेचा झेंडा पुन्हा पुन्हा येतो. पुस्तकाचे चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग झेंड्याच्या चित्राने सुरू होतो. जर्मनीतल्या बेर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने तर १९५९ पासून पुढची कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे एकाच कोनातून, एकाच करड्या आभाळाखाली टिपले आणि जाळीसारखे शेजारी शेजारी मांडले. तिथे सारखेपणा हाच विषय आहे, आणि सारखं असूनही प्रत्येक टाकी कशी वेगळी ते त्यामुळेच दिसतं. भाचीची जोडी त्याच जातीची होती. चौकट सारखी ठेवल्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष जाणार होतं ते काय गेलं याकडे. अट एवढीच, की दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची नाहीत. सकाळचं आधी, संध्याकाळचं अगदी शेवटी.

क्रम लावायला अर्धा तास पुरला. लागोपाठ दोन जवळची चित्रं नकोत, आग आणि वाफ एकमेकांना खेटून नकोत, सुरुवात झाऱ्याने. पहाटेचं लांबचं चित्र पहिलं ठेवावं असा तिचा आग्रह होता, गोष्ट पहाटेपासून सुरू होते म्हणून. ते आम्ही फोनवर पाहिलं आणि बेत फसला. उभ्या धरलेल्या फोनवर आडवं चित्र रुंदीत मावलं पाहिजे, म्हणून त्याची उंची फार कमी होते. तीनास दोन या मापाचं उभं चित्र त्याच पडद्यावर आडव्या चित्राच्या सव्वादोन पट जागा घेतं. एवढ्याशा पट्टीत धुराची रेघ केसाएवढी झाली होती. ते तिसऱ्या जागी गेलं, आगीनंतर श्वास घ्यायला.

पान गेलं, तिला कार्यशाळेत जागाही मिळाली. फेब्रुवारीत ती दहाही फोटोंचे छाप घेऊन गुऱ्हाळावर गेली. गुळव्याने ते सगळे एकेक करून बघितले, गोळीच्या फोटोशी थोडा थांबला, आणि म्हणाला, "हे ऱ्हाऊ दे ताई. मी फेटा बांधून हुबा ऱ्हायलो हुतो, त्यो कुठाय?"

तो खोक्यात होता. तिने तो बारा बाय अठराचा करून, चौकट बसवून नेऊन दिला.